मानेतली न दुखणारी गाठ, 'साधी सिस्ट' म्हणून काढून टाकायची का? (रिपोर्टांतले आकडे दिले आहेत)

मैत्रेयी_२२
दीर ५४ वर्षांचे. उजव्या बाजूला जबड्याच्या कोपऱ्याखाली तीन महिन्यांपासून गाठ आहे. दुखत नाही, ताप नाही, वजन तेवढंच, गिळायला त्रास नाही. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, गाठ तसूभर हलली नाही. सोनोग्राफीत ३.४ सेंमी, बरीचशी पाण्याने भरलेली. सुईने काढलेल्या पाण्याचा रिपोर्ट: 'सिस्टिक द्रव, थोड्या दाहपेशी, कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत, ब्रँकियल सिस्ट असू शकते.' पुढच्या आठवड्यात भूल देऊन गाठ काढायची तारीख मिळाली आहे. घरात सगळे निर्धास्त आहेत. मला एकच खटकतंय, ब्रँकियल सिस्ट तर जन्मजात, मग ती चोपन्नाव्या वर्षी कशी उगवली? विचारायचं ते इतकंच, की काढून तपासायला पाठवली तर बिघडेल काय?

निळूभाऊ
दुखत नाही म्हणजे चांगलंच की. कॅन्सर असता तर दुखली असती. आमच्या भाचीला मानेत अशीच गाठ होती, टीबी निघाला, सहा महिने गोळ्या घेऊन गेली. आधी टीबी बघा.

स्वरयंत्र
निळूभाऊ, उलट आहे. सुजेची गाठ दुखते. ही दुखत नाही आणि अँटिबायोटिकलाही दाद देत नाही, म्हणूनच संशय. टीबीची तपासणी त्याच सुईच्या नमुन्यावर होऊ शकते, त्यासाठी वेगळं थांबायला नको.

मैत्रेयी, तारीख तूर्त पुढे ढकला. चाळिशीनंतर मानेच्या वरच्या भागात नव्याने आलेली पाणीदार गाठ ही उलटं सिद्ध होईपर्यंत कर्करोगाची धरायची, हा आम्हा घशाच्या सर्जनांचा साधा नियम. हा कर्करोग बहुतेक वेळा टॉन्सिलमधून किंवा जिभेच्या मुळातून येतो आणि एचपीव्ही या विषाणूमुळे होणाऱ्या प्रकारात तर गाठ पाणीदार असणं ही जवळजवळ ओळखच. मूळ जागा सेंटिमीटरभराची, टॉन्सिलच्या खाचेत लपलेली. तिथे ना दुखतं ना खुपतं. रुग्णाला पहिली दिसते ती मानेतली गाठ.

आता बिघडतं काय ते. अशी गाठ नुसती कापून काढली आणि आतलं पाणी सांडलं, तर कर्करोगाच्या पेशी जखमेत पसरू शकतात. तसं झालं नाही तरी मानेतले थर एकमेकांना चिकटतात. नंतर नीट शस्त्रक्रिया करायची म्हटली की नस आणि व्रण वेगळे काढताना नाकी नऊ येतात. रेडिएशन द्यायचं ठरलं तर तो व्रणही त्यात घ्यावा लागतो. एका छोट्या ऑपरेशनपायी पुढचे दोन्ही रस्ते अवघड होऊन बसतात.

मैत्रेयी_२२
पण सुईच्या रिपोर्टात 'पेशी दिसल्या नाहीत' असं स्पष्ट लिहिलंय. मग तो रिपोर्ट खोटा?

काचपट्टी
खोटा नाही, अपुरा. दोन्हींत फरक आहे. अशा गाठीत मधोमध मेलेल्या पेशींचं पाणी असतं आणि जिवंत पेशी भिंतीला चिकटून असतात. सुई मधोमध गेली की सिरिंजमध्ये पिवळसर पाणी भरतं, काचेवर कचरा आणि दाहपेशी येतात, आणि आम्हा काचा तपासणाऱ्यांच्या हाताला लागेल असं काहीच उरत नाही. तुम्ही दिलेल्या रिपोर्टाचा अर्थ 'कर्करोग नाही' असा नसून 'नमुन्यात ठरवण्याजोगं काही नव्हतं' असा घ्यायचा.

पुन्हा सुई घालायची, पण सोनोग्राफीत बघत. आधी पाणी उपसून घ्यायचं, मग गाठीच्या भिंतीत जिथे जाड, घट्ट भाग दिसतो तिथून नमुना घ्यायचा. सुई धुतलेलं पाणी फेकू देऊ नका, त्यातल्या पेशी गोळा करून सेल ब्लॉक करायला सांगा. त्यावरच पी१६ या प्रथिनाची आणि एचपीव्हीची तपासणी होते. जमत असेल तर त्याच जाड भागातून अखंड तुकडा, म्हणजे कोअर बायोप्सी, घेतली तरी चालते.

जाणता_अडाणी
पी१६ पॉझिटिव्ह म्हणजे एचपीव्ही, इतकं सोपं आहे. आणि एचपीव्हीवाला कॅन्सर हा 'चांगला' कॅन्सर, त्याला उपचारही हलके पुरतात.

काचपट्टी
अर्धं बरोबर. विषाणूचं ई७ प्रथिन पेशीतला आरबी नावाचा ब्रेक निकामी करतं, त्यामुळे पी१६ साचत जातं. म्हणजे पी१६ हा विषाणूचा माग आहे, विषाणू नव्हे. टॉन्सिलच्या बायोप्सीत ७० टक्के किंवा जास्त पेशींत, केंद्रकात आणि पेशीरसात दोन्हीकडे, ठळक रंग आला तर पॉझिटिव्ह म्हणतात. सुईच्या नमुन्यात पेशी इतक्या तुटपुंज्या असतात की तिथे हा ७० टक्क्यांचा हिशेब तसाच लावणं धोक्याचं. आणि डोक्या-चेहऱ्याच्या त्वचेचा कर्करोगही पी१६ दाखवू शकतो, तेव्हा डोक्याची त्वचा आणि कान एकदा नीट बघून घ्यावेत.

२०२३ साली ७ हजारांहून जास्त रुग्णांचा एकत्रित अभ्यास आला. त्यात सुमारे ९ टक्क्यांमध्ये पी१६ आणि एचपीव्ही यांचे निकाल एकमेकांशी जुळले नाहीत. पी१६ आहे पण विषाणू सापडत नाही, अशांची वाटचाल दोन्ही पॉझिटिव्ह असणाऱ्यांपेक्षा बरीच वाईट. जिथे तंबाखूचे रोगी जास्त आणि एचपीव्हीचे कमी, तिथे हा घोळ आणखी वाढतो. म्हणून उपचार ठरण्याआधी प्रत्यक्ष एचपीव्हीची डीएनए किंवा आरएनए तपासणी मागून घ्या.

शमा
एचपीव्ही तर गर्भाशयमुखाचा ना? पुरुषाला घशात कसा? आणि जावेने काय करायचं, भांडी वेगळी ठेवायची का? लस आता देऊन गाठ विरघळेल का?

स्वरयंत्र
विषाणू तोच, बहुतेक वेळा १६ नंबरचा. टॉन्सिलच्या खाचांचं अस्तर जाळीसारखं विरळ असतं, तिथे त्याला सहज शिरकाव मिळतो. संसर्ग होऊन दशकं उलटल्यावर कर्करोग होतो, त्यामुळे 'कधी आणि कोणाकडून' हा शोध घ्यायला जाऊ नये, हाती काही लागत नाही. भांडी वेगळी नकोत, अंतर नको. जोडीदाराची घशाची वेगळी चाचणी नसते. स्त्रियांची गर्भाशयमुखाची नेहमीची तपासणी असते ती वेळेवर करावी, एवढंच. लस संसर्ग व्हायच्या आधी उपयोगी, आलेल्या गाठीवर तिचा काही परिणाम नाही.

मैत्रेयी_२२
दहा दिवसांनी लिहितेय. तारीख रद्द केली. सोनोग्राफीत बघून भिंतीतून नमुना घेतला: स्क्वामस सेल कार्सिनोमा, पी१६ पॉझिटिव्ह, एचपीव्ही १६ सापडला. घरात सुतकी शांतता आहे. आता डॉक्टर म्हणतात, आधी पेट सीटी मग टॉन्सिलची बायोप्सी. बायोप्सी लगेच का नाही? दिवस वाया जातायत असं वाटतं.

लिनॅक
वाया नाही जात. पेट स्कॅनमध्ये कर्करोगाची जागा उजळते. टॉन्सिलला बायोप्सीचा चिमटा लावला की तिथे सूज येते आणि सूजही पेटवर उजळते. मग उजळलेला भाग कर्करोगाचा की चिमट्याचा, हे कळत नाही. टॉन्सिल तसेही नॉर्मल माणसात थोडे उजळतात, त्यामुळे आपण डावं-उजवं ताडून बघतो. आधी पेट, मग नेमकी तिथून बायोप्सी. पेटवरही काही दिसलं नाही तर त्या बाजूचा अख्खा टॉन्सिल काढून बारीक काप करून बघतात, आणि तिथेही नसेल तर जिभेच्या मुळाकडची टॉन्सिलसारखी ऊती. वरवरचे चार तुकडे घेऊन 'काही नाही' म्हणणं हा नेहमीचा चकवा, कारण गाठ खाचेच्या तळाशी असते.

मधल्या वेळेत दोन कामं उरकून घ्या. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, आणि दातांची तपासणी. काढायचे दात रेडिएशनच्या किमान दोन आठवडे आधी काढलेले बरे. नंतर जबड्याचं हाड बरं होत नाही.

मैत्रेयी_२२
सगळं आलं. एकत्र देते.
पेट सीटी: उजव्या टॉन्सिलमध्ये १.४ सेंमी. मानेत उजवीकडेच दोन गाठी, ३.४ आणि १.३ सेंमी. बाकी शरीर स्वच्छ. टॉन्सिलच्या बायोप्सीतही पी१६ आणि एचपीव्ही १६.
एमआरआय: मोठ्या गाठीची कड पुढच्या बाजूला 'अस्पष्ट', मानेच्या स्नायूला लागून.
ऑडिओमेट्री: दोन्ही कानांत ४००० हर्ट्झला ४५ डेसिबल, ८००० ला ६०. त्यांना हे माहीतच नव्हतं.
सिगारेट: रोज १० प्रमाणे १२ वर्षं, सोडून बरीच वर्षं झाली.
एका ठिकाणी म्हणाले रोबोटने ऑपरेशन, दुसऱ्या ठिकाणी म्हणाले केमो-रेडिएशन. दोघांनीही 'आमचंच बरोबर' म्हटलं नाही, पण दुसऱ्याचं बरोबर असंही म्हटलं नाही.

जाणता_अडाणी
दोन गाठी म्हणजे चौथी स्टेज. वाईट वाटतं, पण खरं ते सांगतो.

लिनॅक
जुन्या पद्धतीने चौथी 'ए'च होती, तुमचं वाचन जुनं आहे एवढंच. स्टेज ठरवण्याच्या नियमांच्या आठव्या आवृत्तीत एचपीव्हीच्या रोग्यांसाठी वेगळी वर्गवारी आली. एकाच बाजूच्या कितीही गाठी, सगळ्या ६ सेंमीपर्यंत, म्हणजे एन१. टॉन्सिलमधला रोग २ सेंमीच्या आत म्हणजे टी१. मिळून पहिली स्टेज. चौथी फक्त रोग दूर पसरला तर. मात्र स्टेज खाली आली म्हणून उपचार आपोआप खाली येत नाहीत. वर्गवारी आयुष्याचा अंदाज सांगायला बदलली, औषध कमी करायला नव्हे.

सिगारेटचा हिशेब: दिवसाला अर्धं पाकीट गुणिले १२, म्हणजे ६ पाकीट-वर्षं. १० च्या आत आहे, ते बरं. आरटीओजी ०१२९ या चाचणीतल्या रोग्यांत हीच १० ची रेघ धोक्याची वाटणी करताना उपयोगी पडली होती.

जाणता_अडाणी
बरं, मान्य. मग रेडिएशनचा डोस तरी कमी करता येईल ना? ६० ग्रे पुरतो असं वाचलंय. आणि सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाऐवजी सेटक्सिमॅब, कानांनाही त्रास नाही.

लिनॅक
दोन्ही मोहक कल्पना, दोन्ही तपासून झाल्या. सेटक्सिमॅबची सिस्प्लॅटिनशी तुलना दोन मोठ्या चाचण्यांत झाली, २०१९ च्या सुमारास निकाल आले. आरटीओजी १०१६ मध्ये पाच वर्षांनी जिवंत असलेले सिस्प्लॅटिनच्या बाजूला ८४.६ टक्के, सेटक्सिमॅबच्या बाजूला ७७.९. एकूण त्रासही काही कमी झाला नाही, फक्त त्रासाचा प्रकार बदलला.

६० ग्रेचं तसंच. आधीच्या एका चाचणीत ६० ग्रे आणि सिस्प्लॅटिनचे आकडे छान दिसले, म्हणून एचएन००५ या चाचणीत त्याला ७० ग्रेशी भिडवलं. दोन वर्षांनी रोग न वाढलेले ७० ग्रेला ९८.१ टक्के, ६० ला ८८.६. चाचणीबाहेर आज डोस कमी करायला मी तरी धजावणार नाही. ७० ग्रे, ३५ खेपा, सात आठवडे, सोबत सिस्प्लॅटिन.

स्वरयंत्र
इथे मी पुढे बोलतो, कारण खरा प्रश्न आता सुरू होतो.

तोंडातून रोबोटने टॉन्सिल काढणं आणि मानेतल्या गाठी काढणं, हे १.४ सेंमीच्या टॉन्सिलला सहज जमतं. पण 'ऑपरेशन केलं की रेडिएशन टळलं' हा हिशेब या रोग्याला लागू नाही. नुसत्या ऑपरेशनवर थांबता येतं ते एकच लहान गाठ, ३ सेंमीच्या आतली, असेल तर. इथे दोन आहेत आणि मोठी ३.४ ची आहे. म्हणजे रेडिएशन होणारच. ई३३११ चाचणीत अशा मधल्या धोक्याच्या रोग्यांना ऑपरेशननंतर ५० ग्रे दिलं आणि दोन वर्षांचे निकाल ६० ग्रेसारखेच आले. तेव्हा ऑपरेशनचा फायदा नेमका इतका: ७० ऐवजी ५० ग्रे, आणि केमो नाही. सिस्प्लॅटिन कानांना बाधतं, तेव्हा यांचे कान बघता, केमो टळणं ही छोटी गोष्ट नाही.

हा फायदा एका अटीवर टिकतो. गाठीचं आवरण फुटून कर्करोग १ मिलिमीटरपेक्षा बाहेर गेलेला नको, आणि टॉन्सिलच्या कडा मोकळ्या हव्यात. बाहेर गेलेला निघाला तर ऑपरेशन झालं, वर रेडिएशन झालं, वर केमोही झाली. तीन उपचारांचा त्रास एकावर एक, आणि आयुष्यात वाढ काही नाही. एमआरआयमधली ती 'अस्पष्ट कड' म्हणजे सगळा पेच आहे.

लिनॅक
माझं मत स्पष्ट आहे. कड अस्पष्ट, स्नायूला लागून, म्हणजे आवरण फुटलेलं धरायचं आणि सरळ केमो-रेडिएशन करायचं. चुकलो तर रोग्याला गरज नसलेली केमो मिळेल. तुम्ही चुकलात तर त्याला तिन्ही मिळतील.

स्वरयंत्र
इतकं सरळ नाही. या गाठीत दोन वेळा सुई गेली आहे, त्याआधी दोन महिने सुजेचे उपचार चालले होते. सुईनंतर रक्त साकळूनही कड धुरकट होते. एमआरआय कधी केला? सुईनंतर आठवड्याच्या आत असेल तर त्या 'अस्पष्ट'वर मी पैज लावणार नाही. आधीच्या सोनोग्राफीचे फोटो काढून बघा, तेव्हा कड रेखीव होती का. आणि डोकं-मानेच्या स्कॅनचा सराव असलेल्या रेडिओलॉजिस्टकडून एकदा परत वाचून घ्या.

मैत्रेयी_२२
एमआरआय दुसऱ्या सुईनंतर पाचव्या दिवशी. पहिल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'कड रेखीव, आसपासची चरबी शाबूत' असं आहे.

स्वरयंत्र
मग प्रश्न उघडा आहे. पण सोनोग्राफी खोलवरचं नीट दाखवत नाही, तेव्हा तोही पुरावा पक्का नाही.

लिनॅक
आणि तीन महिन्यांत ती वाढलीही असेल. मी माझं मत बदलत नाही, फक्त आवाज थोडा खाली आणतो.

निळूभाऊ
आमच्या शेजाऱ्यांना टॉन्सिलचाच झाला होता, तंबाखूमुळे. सात आठवडे शेक घेतला, महिनाभर नळीने जेवण. ते सांगायचे, शेवटच्या आठवड्यापेक्षा संपल्यानंतरचे दोन आठवडे जास्त वाईट. ते याही प्रकारात तसंच का?

लिनॅक
तसंच. घशाचं अस्तर विषाणू विचारून सोलत नाही. त्रास शेवटच्या खेपेनंतरही काही दिवस चढतो आणि मग उतरतो. पण गिळण्याचे व्यायाम पहिल्या दिवसापासून करायचे आणि नळी असली तरी रोज थोडं तोंडाने गिळत राहायचं. गिळणं पूर्ण थांबवलं की घशाचे स्नायू आखडतात आणि नळी सुटता सुटत नाही.

मैत्रेयी_२२
कानांचं काय? केमोचाच मार्ग ठरला तर?

लिनॅक
दोन पद्धती आहेत. तीन आठवड्यांनी एकदा, दर चौरस मीटरला १०० मिग्रॅ, तीन वेळा. किंवा दर आठवड्याला ४०. शरीराचं क्षेत्रफळ १.७ चौरस मीटर धरलं, तर पहिल्यात एका दिवशी १७० मिग्रॅ जातं, दुसऱ्यात ६८. कानाला आणि मूत्रपिंडाला एकदम मोठा डोस जास्त सोसत नाही. एकूण २०० पर्यंत पोचलं पाहिजे अशी आमची धारणा, म्हणजे आठवड्याच्या पद्धतीत पाच खेपा. ४००० हर्ट्झला ४५ असणाऱ्याला मी आठवड्याचीच देईन. आणि मध्येच कानात शिट्टी वाजू लागली तर पुढच्या खेपेआधी सांगायचं, नंतर नाही. सिस्प्लॅटिनने गेलेलं ऐकू परत येत नाही.

अगदीच जमणार नसेल तर दर आठवड्याला कमी डोसचं डोसेटॅक्सेल हा पर्याय आहे. सिस्प्लॅटिन न झेपणाऱ्यांत नुसत्या रेडिएशनपेक्षा त्याने निकाल सुधारल्याचं चाचणीत दिसलंय. त्या चाचणीतले रोगी मात्र बहुतेक एचपीव्ही नसलेले होते.

स्वरयंत्र
आणि ऑपरेशन ठरलं तर एक प्रश्न नक्की विचारा: मानेची शस्त्रक्रिया करताना टॉन्सिलकडे जाणाऱ्या धमनीच्या फांद्या बांधणार का? तोंडातून केलेल्या या ऑपरेशननंतर आठवडा-दोन आठवड्यांनी, घरी आल्यावर, खपली सुटून रक्त जाऊ शकतं. ओआरएटीओआर२ या चाचणीत ऑपरेशनच्या बाजूला उपचारांशी निगडित दोन मृत्यू झाल्यावर भरती थांबवावी लागली होती. थुंकीत ताजं लाल रक्त दिसलं तर गुळण्या करत बसायचं नाही, तडक इस्पितळ गाठायचं.

शमा
उपचार संपल्यावर गाठ लगेच जाते का?

लिनॅक
नाही, आणि इथेच पुष्कळ घरं घाबरतात. या पाणीदार गाठी हळूहळू आकसतात. महिन्याभराने हाताला लागली तरी लगेच कापायची नाही. पेट सीटी १२ आठवड्यांनी. त्याआधी केली तर रेडिएशनची सूज उजळून फसवते. १२ आठवड्यांनी निकाल अर्धामुर्धा आला, गाठ लहान झाली पण थोडी उजळतेय, तर आणखी काही आठवडे थांबून परत बघतात. स्वच्छ आली तर मानेचं ऑपरेशन वाचतं.

काचपट्टी
रक्तातल्या एचपीव्ही डीएनएची तपासणी कुठे होत असेल तर उपचार सुरू व्हायच्या आधीचा नमुना जरूर घ्या. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या शून्याला अर्थ लावता येत नाही.

मैत्रेयी_२२
एमआरआयची सीडी दुसऱ्या रेडिओलॉजिस्टकडे दिली आहे, पहिल्या सोनोग्राफीच्या फोटोंसकट. गुरुवारी दोन्ही विभागांचे डॉक्टर एकत्र बसणार आहेत. कानांचा कागद फाईलमध्ये सगळ्यात वर लावलाय. दीर म्हणतात, केमो असेल तर आठवड्याचीच, हे त्यांनी आत्ताच ठरवून टाकलंय.

स्वरयंत्र
सुईच्या दोन्ही तारखा त्या कागदावर हाताने लिहा. बैठकीत स्कॅन दाखवताना ती गोष्ट कोणाच्या लक्षात राहत नाही.